‘बॉईज पॅड’ म्हणजे मुलांचे पॅड नव्हेत: क्रिकेट कॅम्पचं पत्रक मराठीत आणताना

प्रश्न: दादरला आमच्या क्लबचा उन्हाळी क्रिकेट कॅम्प असतो. वेळापत्रक आणि किटची यादी कोच इंग्रजीत देतात. ती पालकांसाठी मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. ‘बॅटिंग’ला फलंदाजी लिहू की बॅटिंगच ठेवू? आणि पालकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नेमकं काय बघायचं?

उत्तर:

हे पत्रक तीन ठिकाणी वाचलं जातं. आधी घरी, रात्री जेवणं झाल्यावर, आई किंवा आजोबा मोबाईलवर वाचतात. मग धोबी तलावच्या किंवा दादरच्या दुकानात काउंटरवर उभं राहून त्यातली एकेक वस्तू मोठ्याने वाचून दाखवली जाते. आणि शेवटी मैदानावर कोच ओरडून तेच शब्द वापरतात, तेव्हा मुलाच्या कानावर ते पडतात. त्यामुळे वस्तूचं नाव तेच ठेवायचं जे दुकानदार आणि कोच तोंडाने म्हणतात: बॅट, पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, थाय पॅड, इनर. ‘पायरक्षक’ आणि ‘हातमोजे’ लिहिलंत तर आजोबांना अर्थ कळेल, पण दुकानदार हिवाळी हातमोजे काढून ठेवेल. मराठी करायची ती सूचना. ही वस्तू विकत घ्यायची की कॅम्पकडे आहे, कुठल्या मापाची, अंगावर कुठे घालायची, रोज आणायची की फक्त मॅचला, हे सगळं पूर्ण मराठी वाक्यात यायला हवं. इंग्रजी यादीत नेमका हाच भाग दोन शब्दांत उरकलेला असतो.

फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण, यष्टिरक्षक हे शब्द सुंदर आहेत. बाळ ज. पंडितांच्या रेडिओवरच्या समालोचनाने आणि वि. वि. करमरकरांसारख्या क्रीडा संपादकांच्या पानांनी ते घराघरांत नेले, आणि मुंबईतल्या कुठल्याही मराठी पालकाला ते कळतात. पत्रकाच्या वरच्या परिच्छेदात, म्हणजे ‘या कॅम्पमध्ये फलंदाजी आणि गोलंदाजीची पायाभूत तयारी करून घेतली जाईल’ अशा वाक्यात, ते जरूर वापरा. पण वेळापत्रकाच्या चौकटीत ‘बॅटिंग नेट’, ‘फिल्डिंग’, ‘कॅचिंग’ हेच ठेवा, कारण मुलाला ‘आज तुझं बॅटिंग नेट पहिलं’ असंच सांगितलं जाणार आहे. एक गोष्ट मात्र पाळा: एका जागी ‘फिल्डिंग’, दुसऱ्या जागी ‘क्षेत्ररक्षण सराव’ असं चौकटीत करू नका. पालकांना ते दोन वेगळे तास वाटतात आणि मुलाला दोनदा आणायचं का, असे फोन सुरू होतात.

आता यादीतली सगळ्यात महाग ओळ घेऊ, कारण चूक झाली तर सगळ्यात जास्त पैसे तिथे वाया जातात. इंग्रजीत ती बहुधा एवढीच असते: ‘वन लेदर-बॉल बॅट, साइज ५/६, नॉक्ड-इन’. यात चार सापळे आहेत.

पहिला ‘लेदर-बॉल’. मुंबईच्या मैदानात या चेंडूला सीझन बॉल म्हणतात. ‘चामड्याचा चेंडू’ चुकीचं नाही, पण तसं कोणी बोलत नाही. आणि ‘हंगामी चेंडू’ लिहिलं तर कोणालाच काही कळणार नाही. खरा मुद्दा बॅटचा आहे. सोसायटीच्या आवारात टेनिस बॉलने खेळायची बॅट घरात असते, ती नवीन दिसते, आणि पालकांना वाटतं ‘बॅट तर आहे आपल्याकडे’. टेनिस बॉलची बॅट सीझन बॉलने खेळली की काही दिवसांत तडकते, कधी खालचा टोकाचा भाग उडतो. म्हणून ‘सीझन बॉलने खेळायची बॅट’ एवढं लिहून थांबू नका. पुढे जोडा: ‘घरातली टेनिस बॉलची बॅट चालणार नाही.’

दुसरा सापळा ‘५/६’. मराठी पालक हे तीन प्रकारे वाचतात: पाच किंवा सहा नंबर, पाच आणि सहा दोन्ही, किंवा पाच जून. तिरकी रेघ मराठी पत्रकात शक्य तितकी टाळा. ‘५ किंवा ६ नंबर’ असं लिहा. पण तेवढ्याने पालकाला निवड करता येत नाही, त्याला उंची हवी. बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात ५ नंबरची बॅट साधारण पाच फुटांपासून पाच फूट दोन इंचांपर्यंतच्या मुलाला आणि ६ नंबरची त्यापुढे पाच फूट चार इंचांपर्यंतच्या मुलाला धरलेली असते. कंपनीप्रमाणे एखादा इंच इकडे तिकडे होतो. त्यावर हॅरो आणि मग पूर्ण मोठी, म्हणजे शॉर्ट हँडल. कोचना विचारून हे आकडे यादीत घाला. आणि त्यांची परवानगी असेल तर आणखी एक वाक्य घालाच: ‘वाढत्या अंगाची म्हणून मोठी बॅट घेऊ नका.’ इंग्रजी यादीत हे वाक्य नसतं. पण आपल्याकडे गणवेशापासून बुटांपर्यंत सगळं एक माप मोठं घ्यायची सवय आहे. मोठी बॅट जड पडते, मूल ती वर उचलताना खालच्या हाताने ओढतं आणि सरळ फटका आडवा होतो. अशी भर मात्र कोचना न विचारता घालू नका. तुमच्या हातून जाणारं पत्रक कॅम्पच्या नावाने जातं, आणि मापाबद्दलचा सल्ला हा कोचचा अधिकार आहे.

तिसरा सापळा यादीत न लिहिलेल्या गोष्टीचा. बॅटचं लाकूड काश्मीर विलो की इंग्लिश विलो, हे इंग्रजी यादीत अनेकदा नसतंच. दुकानदार हा प्रश्न हमखास विचारतो आणि किमतीत मोठा फरक असतो. पालकाने तिथून तुम्हाला फोन करण्याआधीच कोचकडून एक ओळ घेऊन ठेवा. ‘काश्मीर विलो चालेल’ असं उत्तर आलं तर ते यादीत ठळक लिहा.

चौथा ‘नॉक्ड-इन’. याचं ‘ठोकलेली बॅट’ केलंत तर कोणी वापरलेली, जुनी बॅट असं समजेल. नव्या बॅटचा पृष्ठभाग सीझन बॉलचा मार सोसायला तयार नसतो. म्हणून आधी कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात समोरच्या बाजूला, कडांना आणि खालच्या टोकाला लावतात, बॅट एक दिवस आडवी ठेवतात, मग पुन्हा एकदा लावतात. हँडल, हँडलचा पात्यात गेलेला त्रिकोणी भाग आणि स्टिकर यांना तेल लागू द्यायचं नाही. त्यानंतर लाकडी हातोडीने हलक्या हाताने सुरुवात करून, मग जोर वाढवत, एकूण चार ते सहा तास ठोकायचं. कडा तिरक्या धरून गोलसर करायच्या. पैसे देऊन हे काम दुकानातही करून मिळतं. इतकं सगळं यादीत कोंबायची गरज नाही. ‘नवी बॅट असेल तर दुकानातच तेल लावून, नॉक करून घ्या’ एवढं पुरे. पण तेलाचं नाव जरूर लिहा, कारण ‘तेल लावून आणा’ एवढंच वाचलं तर घरात समोर असतं ते खोबरेल. बॅटवर आधीच पारदर्शक प्लास्टिकचा पट्टा चिकटवलेला असेल तर समोरून तेल लावायचं नसतं, हेही दुकानदारालाच सांगू द्या.

आणि इथेच एक गंमतीची अडचण आहे. तोच ‘नॉकिंग’ शब्द वेळापत्रकातही येतो: ‘७.२० ते ७.४०, नॉकिंग’. तिथे त्याचा अर्थ बॅट ठोकणं नव्हे; नेटमध्ये जाण्याआधी जोडीदाराने जवळून टाकलेले बॉल मारून हात मोकळा करणं. यादी आणि वेळापत्रक एकाच पानावर असेल तर वेळापत्रकात ‘नॉकिंग (जोडीने हलका बॅटिंग सराव)’ असं एकदा उलगडा. नाहीतर पालक मुलाच्या बॅगेत हातोडी घालून पाठवतात.

संरक्षणाच्या वस्तूंकडे वळू. इथे माप, बाजू आणि लाज अशा तीन अडचणी आहेत.

माप असं. पॅड, ग्लोव्ह्ज आणि हेल्मेटवर ‘बॉईज’, ‘यूथ’, ‘मेन’ असं छापलेलं असतं. ही मापांची नावं आहेत. यादीत ‘बॉईज पॅड’चं ‘मुलांचे पॅड’ झालं की मुलींच्या आया विचारतात, ‘मुलींचे वेगळे मिळतात का?’ आणि ‘यूथ’चं ‘तरुणांचे’ झालं तर तेरा वर्षांच्या मुलाचे वडील ती ओळच सोडून देतात. म्हणून मापाचं नाव जसंच्या तसं ठेवून बाजूला लिहा: ‘बॉईज साईज (हे मापाचं नाव आहे, मुलींनाही हेच)’. कंपनीप्रमाणे मापात फरक असतो, त्यामुळे पॅड आणि हेल्मेट मुलाला बरोबर नेऊन, घालून बघूनच घ्यायला सांगा. पॅडची गुडघ्याची मऊ गादी मुलाच्या गुडघ्यावर नीट बसली की माप बरोबर. हेल्मेट पट्टा न लावता मान हलवली तरी डोळ्यांवर घसरू नये.

बाजूचा घोळ याहून वाईट. इंग्रजीत ‘बॅटिंग ग्लोव्ह्ज, आर.एच.’ लिहिलेलं असतं. त्याचं ‘उजव्या हाताचे ग्लोव्ह्ज’ हे भाषांतर जवळजवळ सगळेच करतात, आणि ते वाचून पालकांना वाटतं, फक्त उजव्या हातात घालायचा एक ग्लोव्ह. प्रत्यक्षात तो दोन्ही हातांचा जोड असतो. उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याचा आणि डाव्या हाताने करणाऱ्याचा जोड वेगळा, कारण बॅटवर खालचा हात बदलतो आणि त्या हाताच्या अंगठ्या-बोटांवरचं संरक्षण वेगळं बसवलेलं असतं. तेव्हा लिहायचं असं: ‘बॅटिंग ग्लोव्ह्ज, १ जोड. उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्यांनी उजवा जोड, डाव्या हाताने करणाऱ्यांनी डावा जोड मागा.’

इथे ‘डावखुरा’ शब्दाला जपून राहा. प्रवेशअर्जात ‘पाल्य डावखुरा आहे का?’ असं विचारलं तर पालक लिहायच्या हाताबद्दल उत्तर देतात. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो, पण बॅटिंग उजव्या हाताने करायचा. सौरव गांगुलीची बॅटिंग डावखुरी, पण बोलिंग उजव्या हाताने. त्यामुळे अर्जात दोन वेगळे प्रश्न करा: बॅटिंग कुठल्या हाताने, बोलिंग कुठल्या हाताने. पालकाला खात्री नसेल तर तिसरा पर्याय द्या: ‘माहीत नाही, कोच ठरवतील’. आणि असं उत्तर आलं तर ग्लोव्ह्ज पहिल्या आठवड्यानंतर घ्या, असं कळवा.

थाय पॅडचीही बाजू असते. उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याची डावी मांडी बोलरकडे असते, म्हणून त्याचा थाय पॅड डाव्या मांडीवर बांधतात. ‘मांडीचा पॅड’ एवढंच लिहिलं तर दोन घ्यायचे का, असा प्रश्न येतो. ‘थाय पॅड, १ (बॅटिंग करताना पुढे येणाऱ्या पायाच्या मांडीवर)’ हे स्पष्ट आहे.

राहिली लाज. इंग्रजीतला ‘ॲब्डोमिनल गार्ड’ मराठीत ‘पोटाचा गार्ड’ होतो आणि पालक दुकानात कमरेचा पट्टा शोधत बसतात. दुकानात त्याला एल-गार्ड म्हणतात, नुसतं ‘गार्ड’ म्हटलं तरी चालतं. पत्रकात साध्या भाषेत लिहा: ‘एल-गार्ड: जांघेच्या संरक्षणासाठी, घट्ट अंतर्वस्त्राच्या आत घालायचा कडक गार्ड.’ यात संकोच करण्यासारखं काही नाही. संकोचामुळे धूसर लिहिलं तर मूल गार्डशिवाय सीझन बॉलसमोर उभं राहतं. त्याबरोबर तो बसवायला सपोर्टर लागतो. इंग्रजी यादीत तो बहुधा विसरलेला असतो, आणि सैल चड्डीत गार्ड जागेवर राहत नाही. ही वस्तू दुसऱ्याबरोबर वाटून वापरायची नाही, हेही लिहा. मुली कॅम्पमध्ये असतील तर त्यांच्यासाठी वेगळा गार्ड आणि चेस्ट गार्ड मिळतो. यादीत त्याची वेगळी ओळ आहे का ते कोचना विचारा. नसेल तर घालून घ्या.

आता ‘सक्ती’बद्दल, कारण घरातलं भांडण इथे होतं. इंग्रजीत ‘मस्ट’, ‘शुड’, ‘रेकमेंडेड’, ‘ऑप्शनल’ अशा चार पायऱ्या असतात आणि मराठीत चारींचं ‘आवश्यक’ होऊन बसतं. मग ज्यांना परवडत नाही असे पालक स्वतःच्या हेल्मेटवर एवढे पैसे घालवायचे का, या विचारात पडतात, आणि तिकडे काहीजण एल-गार्डसुद्धा ऐच्छिक समजतात. चारच्या जागी तीन साधी वाक्यं ठरवा आणि संपूर्ण पत्रकात तीच वापरा: ‘हे नसेल तर नेटमध्ये उतरता येणार नाही’, ‘असेल तर आणा, मुद्दाम विकत घेऊ नका’, ‘कॅम्पकडे आहे, वापरायला मिळेल’. कुठली वस्तू कुठल्या वाक्याखाली जाते हे तुम्ही ठरवू नका, यादी घेऊन कोचसमोर बसा आणि एकेका वस्तूपुढे खूण करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

तिसऱ्या वाक्यात ‘वापरायला’ हा शब्द महत्त्वाचा. ‘हेल्मेट्स विल बी प्रोव्हाइडेड’चं ‘हेल्मेट दिले जाईल’ झालं की फीमध्ये हेल्मेट मिळणार, असंच पालक समजतात. आणि कॅम्प संपताना ते परत मागितलं की वाद होतो. ‘कॅम्पचं हेल्मेट सरावापुरतं वापरायला मिळेल, रोज परत करायचं’ असं लिहा. याउलट टी-शर्ट खरोखर फीमध्ये असतील तर ‘दोन टी-शर्ट फीमध्येच मिळतील, ते तुमचेच’ असं उघड लिहा.

कपड्यांत ‘व्हाइट्स’ हा एक शब्द फसवा आहे. ‘पांढरे कपडे’ म्हटलं की शाळेचा पांढरा शर्ट आणि पीटीची हाफ पँट येते. ‘क्रिकेटचे पांढरे कपडे: कॉलरचा टी-शर्ट आणि पांढरी फुल पँट’ लिहा आणि कधी घालायचे तेही: रोज की फक्त शनिवारच्या मॅचला. बुटांत ‘रबर स्टड’ आणि ‘स्पाईक’ हे दोन्ही शब्द दुकानात चालतात, पण पालकाला फरक कळत नाही, म्हणून ‘तळाला रबरी उंचवटे असलेले, लोखंडी खिळ्यांचे चालणार नाहीत’ असं उलगडा. मॅटवर किंवा सिमेंटच्या नेटमध्ये खिळ्यांचे बूट घातले तर मॅट फाटतं आणि मूल घसरतं.

एवढं झाल्यावर यादी अशी दिसेल. हा नमुना आहे. आकडे आणि सक्ती तुमच्या कोचकडून भरून घ्या.

नसेल तर नेटमध्ये उतरता येणार नाही:
सीझन बॉलची बॅट, १. मुलाच्या उंचीप्रमाणे ५ किंवा ६ नंबर. काश्मीर विलो चालेल. नवी असेल तर दुकानातच जवसाचं तेल लावून, नॉक करून घ्या. टेनिस बॉलची बॅट चालणार नाही.
बॅटिंग ग्लोव्ह्ज, १ जोड (बॅटिंगच्या हाताप्रमाणे उजवा किंवा डावा जोड), आणि आत घालायचे कॉटनचे इनर, २ जोड.
एल-गार्ड आणि सपोर्टर. स्वतःचाच.
रबर स्टडचे बूट.

असेल तर आणा, मुद्दाम घेऊ नका:
पॅड, बॉईज किंवा यूथ साईज (मुलींनाही हीच मापं). थाय पॅड, १.

कॅम्पकडे आहे, वापरायला मिळेल:
हेल्मेट, सीझन बॉल, स्टम्प.

रोज बॅगेत:
पाणी, २ लिटर. टोपी. नॅपकिन. एक केळं किंवा चिक्की. घरून निघतानाच सनस्क्रीन लावा.

दोन जोड इनर का, हे पालक विचारतीलच. एप्रिल-मेच्या मुंबईत पहिला जोड अर्ध्या तासात घामाने भिजतो, मग बॅट हातात फिरते. हे कारण कंसात दिलंत तरी चालेल. कारण दिलेली वस्तू सहसा विसरली जात नाही.

वेळापत्रकात आकडे थोडे असतात, पण प्रत्येक आकड्यावर लोकलची एक गाडी अवलंबून असते. ‘रिपोर्टिंग ६.४५, सेशन ७.००’ याचं ‘वेळ ६.४५ ते ९.३०’ करू नका. ‘सकाळी ६.४५ला (पावणेसात) मैदानात हजर. ७ला सराव सुरू’ असं लिहा. आकडा आणि शब्द दोन्ही देण्याचं कारण असं की पावणे आणि सव्वा लिहिताना घाईत चूक होते: ७.४५ला ‘पावणेसात’ लिहिलं जातं, आणि आकडा शेजारी असला की चूक लगेच दिसते. चुकून राहिलीच तरी पालक निदान विचारतो. अंक सगळे एकाच लिपीत ठेवा. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आई-वडिलांना मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि त्याच ओळीत दुसरा आकडा इंग्रजीत असेल तर हमखास तसाच वाचला जातो.

‘ऑल्टरनेट डेज’चं ‘एक दिवसाआड’ हे भाषांतर शब्दाला बरोबर आणि कॅम्पला चूक आहे. सोमवारपासून एक दिवसाआड मोजलं तर सोम, बुध, शुक्र, मग रविवार, मग मंगळवार येतो. कॅम्पला म्हणायचं असतं सोम-बुध-शुक्र. म्हणून वारांची नावं लिहा. ‘बाय-वीकली’, ‘नेक्स्ट सॅटर्डे’ हेही असंच: वार आणि तारीख दोन्ही घाला. ‘१५ एप्रिल ते ३१ मे’ लिहिताना ३१ला सराव आहे की नाही ते विचारून घ्या आणि ‘शेवटचा सराव शुक्रवार, २९ मे’ असं स्वतंत्र सांगा.

वयाच्या गटात एका शब्दाने मूल बाहेर राहतं. ‘अंडर-१४’चं ‘१४ वर्षांपर्यंत’ झालं की चौदा पूर्ण झालेलेही अर्ज करतात. आणि कॅम्पची ओळ ‘बॉर्न ऑन ऑर आफ्टर १ सप्टेंबर २०१२’ असेल तर ‘१ सप्टेंबर २०१२ नंतर जन्मलेले’ लिहिणं म्हणजे त्याच दिवशी जन्मलेल्या मुलाला नाकारणं. ‘१ सप्टेंबर २०१२ला किंवा त्यानंतर जन्मलेले’ हे नेमकं. सोबत ‘जन्मदाखल्याची झेरॉक्स, त्यावर पालकांची सही, मूळ दाखला फक्त दाखवायला आणा, जमा करू नका’. आणि ‘युवर वॉर्ड’ आला तर तो पाल्य. मुंबईत वॉर्ड म्हटलं की महापालिकेचा किंवा इस्पितळातला.

जागेच्या ओळीत ‘शिवाजी पार्क’ किंवा ‘आझाद मैदान’ एवढंच असतं. दोन्हीकडे अनेक क्लबांची नेट्स आणि एकाला लागून एक खेळपट्ट्या आहेत; सकाळी साडेसहाला तिथे शेकडो पांढरे टी-शर्ट असतात. पहिल्यांदा येणाऱ्या पालकासाठी खूण द्या: कुठल्या बाजूचं प्रवेशद्वार, कुठल्या देवळापासून किंवा झाडापासून, कोणाचा तंबू. रविवारी मॅच असेल तर ‘मेगाब्लॉक बघून निघा’ ही ओळही घाला. इंग्रजी मूळ पत्रकात ती नसते, पण अर्धा संघ उशिरा येण्याचं कारण तेच असतं.

जबाबदारीची आणि दुखापतीची अट असेल तर तिला हात लावू नका. ती मऊ करायची नाही, आटोपशीरही करायची नाही. मूळ वाक्य पूर्ण मराठीत आणा आणि कोचकडून तपासून घ्या. दमा, ॲलर्जी, चालू औषधं याबद्दलचा प्रश्न मात्र सोपा आणि सुटा ठेवा, त्या ओळीला उत्तर मिळणं गरजेचं असतं.

पाठवण्याआधी एक तपासणी करा. इंग्रजी यादी न पाहिलेल्या घरातल्या कोणालाही फक्त मराठी पत्रक द्या आणि सांगा, ‘उद्या सकाळची बॅग भर.’ मदत करू नका, फक्त बघा. जिथे हात थांबतो ती ओळ दुरुस्त करा. मग विचारा, घरून किती वाजता निघशील, दुकानातून काय आणायचं आणि काय नाही, आणि पुढच्या आठवड्यात कुठल्या वारी जायचं. या तीनपैकी एकाचंही उत्तर कागदात शोधावं लागलं तर ती गोष्ट वर आणा. शेवटी वस्तूंची यादी तेवढी एखाद्या दुकानदाराला फोनवर वाचून दाखवा. तो ज्या शब्दावर ‘काय?’ म्हणेल, तो शब्द बदला.